सत्तर रुपयांची दाढ

शिराळ्यात रहिमतबीनं तीस वर्षं बायकांच्या हातात बांगड्या भरल्या. बोललेल्या भावावर चार आणे वाढवून मागणाऱ्या दुकानदाराकडं ती भटक्या कुत्र्याकडं बघावं तसं बघायची, फक्त थुंकायची तेवढी नाही.

गुडघे गेले तसं दुकान मदिहा बघू लागली, तिची नात. तिनंच मोबाइलवरून आजीसाठी मिक्सर मागवला. पार्सल घरपोच आल्यावर पैसे द्यायचे होते.

एका दुपारी कंपनीची पार्सलं वाटणारा बिरदेव ते घेऊन आला. डोळ्यांवर काळा चष्मा, कानात वायर.

"मावशी, तेराशे वीस."

मदिहानं खोक्यावरची चिठ्ठी वाचली. "बाराशे पन्नास लिवलंय. मोबाइलवर बी तेवढंच हाय."

"गावाचा चार्ज असतोय सत्तर. समदी देतात."

शेजारची शालूबाई दारात उभी होती. "आवं, मी बी दिलं. सत्तरात काय राजवाडा जातोय?"

रहिमतबीनं शालूबाईकडं पाहिलंसुद्धा नाही. "कंपनीचा चार्ज असंल तर चिठ्ठीवर छापू दे. न्हाईतर तुझ्या मोबाइलवर कंपनीचा पैसे भरायचा क्यूआर दाव. त्यात आकडा आपोआप येतोय न्हवं?"

बिरदेवनं खिशातून दुसराच क्यूआर छापलेला कागद काढला. त्यावर त्याचंच नाव होतं. "ह्यावर टाका."

"हे तुझं दुकान. मी तुझ्याकडनं काय घेतलं न्हाई." तिनं मोजून बाराशे पन्नास ओट्यावर ठेवले. "हे घे, न्हाईतर खोकं ने."

त्यानं खोकं उचललं. मदिहानं तेवढ्यात चिठ्ठीचा फोटो काढला. तो गल्लीच्या वळणावर गेला नाही तोच मदिहाच्या मोबाइलवर कंपनीचा मेसेज आला: ग्राहकाने पार्सल नाकारले.

"बघ, चोर तो चोर आणि वर खोटारडा," रहिमतबी म्हणाली. "घाल तक्रार. फोटो जोड. जादा मागितलं, असं साफ लिव."

मदिहानं ॲपमधून तक्रार घातली. कंपनीच्या माणसानं फोन करून विचारलं. रहिमतबीनं घडलं तेवढंच सांगितलं. तिसऱ्या दिवशी बिरदेव तेच पार्सल घेऊन परत आला. चष्मा नव्हता. त्यानं चिठ्ठीइतकेच पैसे घेतले आणि पाय घासत उभा राहिला.

"मावशी, तक्रार मागं घ्या. पगार कापत्यात. पेट्रोल बी माझंच जातंय."

"मग पेट्रोलासाठी मालकाशी भांड. त्याच्याम्होरं मान खाली, आणि बायकांच्या दारात येऊन सत्तर रुपयांची दाढ उपटतोस व्हय? मी खोटं लिवलं असंल तर सांग, मागं घेते."

तो गाडीवर बसून निघून गेला.

संध्याकाळी शालूबाई आणखी दोघींना घेऊन आली. त्यांनाही सत्तर-सत्तर पडले होते. "मदिहाला सांगून आमची बी तक्रार करा की. आमचं नाव मात्र नको, तो रोज ह्याच गल्लीत येतोय."

रहिमतबीनं मिक्सरच्या भांड्यात खोबरं टाकलं. बिरदेवची तिला किळस होती, पण त्याच्या पोटाची भूक तरी तिला कळत होती. या तिघींचं काहीच कळेना.

"नाव न्हाई त्याची तक्रार बी न्हाई," ती म्हणाली, आणि बटण दाबलं. आवाजात शालूबाई काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, ऐकायचंही नव्हतं.