अर्धवट उतरलेला फोटो

मोताळ्यातलं माझं फ्लेक्सचं दुकान वाढदिवसांवर चालतं, खोटं कशाला बोलू. पण तेरवीचे फोटोही माझ्याकडेच येतात आणि ते काम मला आवडत नाही. वाढदिवसवाल्याचा गॉगल नीट आला नाही तर तो भांडतो, मीही भांडतो, विषय मिटतो. तेरवीवाला मात्र गुमान बघत बसतो, आणि समोर कोणी असं बसलं की माझा हात चालत नाही.

त्या दिवशी सकाळी शटर अर्धं वर केलं तोच एक बाई आत आली. जवळच्याच खेड्यातली, माहेरी आलेली. आईची तेरवी दुसऱ्या दिवशी होती आणि हार घालायला फोटो नव्हता. हातात एक पेन ड्राइव्ह आणि आईच्या आधार कार्डाची झेरॉक्स.

झेरॉक्समध्ये एक काळा डाग होता, त्याला पदर होता. "भाऊ म्हनते हाच लावा," ती म्हणाली. "मले नाई पायजे. हे माही माय वाटतच नाई."

दुसरे फोटो का नाहीत, ते विचारायची गरज नव्हती. कॅमेरा दिसला की तोंड फिरवून चुलीकडे पळणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या आहेत. ही आईही त्यातलीच. फक्त तिच्या पुतण्याच्या लग्नात फोटोवाल्यानं तिला ओढून ग्रुप फोटोत उभं केलं होतं. अल्बमात तो फोटो घेतला नाही. मूळ फोटो फोटोवाल्यानं एका लिंकवर पाठवले होते, सगळे एकाच फाइलमध्ये बांधून, आणि पुतण्यानं ते फोनवर उतरवून घेतले होते. फोनवर ती फाइल उघडत नव्हती, म्हणून कोणी उघडली नाही. तीच पेन ड्राइव्हमध्ये होती.

"पाच मिनिटांचं काम आहे ताई," मी म्हणालो. हे वाक्य मी कधीच बोलायला नको.

फाइल सोडवायला घेतली. हळदीचे फोटो भराभर निघाले, मग देवदर्शन, मग वरात. आणि काम किती झालं ते दाखवणारी पट्टी मध्येच थांबली. लाल अक्षरांत खिडकी उघडली, अनएक्स्पेक्टेड एन्ड ऑफ आर्काइव्ह, म्हणजे फाइल मध्येच संपली. त्याखाली एका फोटोच्या नावापुढे सीआरसी एरर.

"काय झालं?"

"पेन ड्राइव्हवर नीट कॉपी झाली नसेल," मी म्हणालो आणि तिचा फोन मागितला. पुतण्यानं फाइल तिलाही देऊन ठेवली होती. फोनमधली फाइल थेट केबलनं घेतली. आकार तंतोतंत तेवढाच. पट्टी तिथेच थांबली, खिडकी तीच.

फोटोवाला माझ्या ओळखीचा. त्याला फोन लावून विचारलं, तू पाठवलेली फाइल केवढी होती? त्यानं सांगितलेला आकडा आमच्या फाइलच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे पुतण्याचं नेट मध्येच तुटलं होतं, आणि फोननं आलं तेवढं पुरं समजून जपून ठेवलं होतं.

"अबे, पुन्हा पाठव ना मग."

"कुठून पाठवू? लिंक कवाचीच बंद झाली. अन् हार्ड डिस्क या सीझनले रिकामी केली मी. घेणारे म्हने मिळाले फोटो, मंग मी काऊन ठेवू?"

त्याला चार शिव्या घातल्या आणि फोन ठेवला. त्याची चूक नव्हती. पण शिवी द्यायला त्या वेळी दुसरं कोणी नव्हतं.

बाईला समजावून सांगणं भाग होतं. म्हणालो, प्रत्येक फोटो बांधताना त्याच्यातूनच हिशेब करून एक आकडा काढतात आणि सोबत ठेवतात. सोडवताना तोच हिशेब पुन्हा होतो. आकडा जुळला तर फोटो धड, नाही तर सीआरसी एरर. इथं तर फाइलचं शेपूटच आलेलं नाही. दुरुस्तीचं बटण दाबून पाहिलं. फोटोवाल्यानं बांधताना दुरुस्तीसाठी जादा भाग ठेवला असता तर थोडंफार जमलं असतं. तो ठेवला नव्हता, आणि आलंच नाही ते बटण कुठून आणणार?

"जेवढे निघाले तेवढे तरी दाखवा," ती म्हणाली.

एकेक फोटो बघत गेलो. कुठं ही, कुठं तिच्या वहिन्या. माय कुठंच नाही. शेवटच्या धड फोटोत लोक मांडवात खुर्च्या लावत होते.

"ह्याच्याच पुढचा," ती एकदम म्हणाली. "खुर्च्या पाव्हन्यांले लावल्या, बाया मांगं उभ्या केल्या. ह्याच्याच पुढचा हाय तो."

पुढचा म्हणजे तोच, ज्याच्या नावापुढे एरर होती. फाइल याच फोटोच्या मध्यात तुटली होती. सॉफ्टवेअरचा नियम असा की अर्धवट निघालेला फोटो ते आपणच पुसून टाकतं, म्हणून फोल्डरमध्ये तो दिसत नव्हता. पण तुटकी फाइलही राहू दे, असं सांगायची एक चौकट असते. त्या चौकटीवर खूण करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

तेवढ्यात लाइट गेली. इन्व्हर्टर मुळातच थकलेला, तो टीं टीं करायला लागला. तिचा फोन वाजला. भाऊ होता. आवाज मला इथवर ऐकू येत होता, "आधारवरला टाक म्हनतो ना, उद्या लोकं येऊन राह्यले, किती येळ?" तिनं उत्तर न देता फोन पालथा ठेवला.

मी खूण केली आणि पुन्हा सोडवायला लावलं. तीच पट्टी, तीच लाल अक्षरं. पण या खेपेला फोल्डरमध्ये शेवटी एक नाव जास्तीचं होतं.

फोटो दुरुस्त करायच्या मोठ्या सॉफ्टवेअरनं ती फाइल उघडायला साफ नकार दिला. तेव्हा मी खरंच हात टेकले. मग आठवलं, फोटो नुसते बघायचं एक जुनं, साधं सॉफ्टवेअर मशीनवर पडलं आहे, ते इतके नखरे करत नाही. त्यात उघडली. इन्व्हर्टर ओरडतच होता.

फोटो वरून खाली भरला जातो. आधी मांडवाचं कापड दिसलं. मग झालर. मग मागं उभ्या बायकांचे पदर, कपाळं, डोळे, हसू. आणि त्यांच्या गळ्यापाशी चित्र संपलं. त्याखाली नुसता राखाडी रंग, अगदी तळापर्यंत. खुर्च्यांवर बसलेले मोठे काका, मामा, सरपंच, सगळे त्या राखाडीत गेले होते. एका फेट्याचा तुरा तेवढा वर आला होता.

मागच्या रांगेत अगदी टोकाला एक बाई होती, डोक्यावर पदर, कुणाच्या तरी बोलण्यावर हसू दाबणारी. तोंड पुरतं आलं होतं. लेकीनं स्क्रीनवर बोट टेकवलं आणि ते तिथंच ठेवलं.

मी आधी फोटोची कॉपी दुसऱ्या डिस्कवर टाकली, मग लाइटची वाट बघत बसलो. लाइट आल्यावर चेहरा कापून मोठा केला. दाणेदार झाला, तरी तीच होती. प्रिंट बाहेर येताना लेकीनं सांगितलं, "त्या दिवशी म्या भांडन केलं होतं फोटोवाल्याशी. माही माय काऊन मांगं, खुर्ची दे म्हनलं. मायनंच मले चूप केलं."

बोलता बोलता ती स्क्रीनवरच्या फेट्याच्या तुऱ्याकडे, त्याखालच्या राखाडीकडे बघत होती.

"बसली असती तं," ती म्हणाली, आणि पुढचं तिला बोलवेना. मलाही ऐकवलं नसतं. मी पाठमोरा होऊन फ्रेमची काच पुसत राहिलो, आणि ती स्वच्छ झाल्यावरही बराच वेळ पुसत होतो.