दोघांच्या नावाचं पातेलं

नवऱ्यापासून वेगळं व्हायचं ठरलं तेव्हा मला वाटलं होतं, भांड्यांवरूनच जास्त भांडण होणार. लागली फक्त दहा मिनिटं. आमच्याकडे नाव घातल्याशिवाय कुणी भांडं देत नाही. मामाचा तांब्या माझा, त्याच्या आत्याची परात त्याची. कौटुंबिक न्यायालयातल्या मध्यस्थ वकीलबाई यादी वाचत होत्या, आम्ही नावं सांगत होतो. अडलं एका पातेल्यावर. लग्नानंतर हौसेनं घेतलेलं, त्यावर दोघांची नावं. बाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे शेवटी."

मग राजारामपुरीतला फ्लॅट. तो त्यानं ठेवायचा, मी घातलेले पैसे मला द्यायचे, पुढचे हप्ते त्यानंच फेडायचे. मी लगेच पेन उघडलं.

"थांबा की! बँकेचं काय?" बाई म्हणाल्या.

"माझं अर्धं कर्ज ह्यांनी घेतलं. मिटलं की."

"अर्धं न्हाय. दोघांची नावं म्हंजे दोघांवर सगळं. हितं काय बी लिवा, बँकेला ते लागू न्हाय. ह्यांनी हप्ता चुकवला तर तुमच्याच दारात येणार."

मी पेन मिटलं. दोन वर्षांपासून एकटी राहायची तयारी करत होते, आणि शहाणी मी, कर्जालाही पातेल्यासारखंच समजून बसले होते!

बँक म्हणाली, एकट्याच्या पगारावर जमणार नाही, माझ्या जागी दुसरा कमावता द्या. कोडोलीचे थोरले दीर दूध संघात नोकरीला, पण ते अडून बसले. "तिनं सुटायचं आन् म्या अडकायचं व्हय?" असं मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं नवऱ्याला फोनवर म्हणाले. राग आला, पण त्यांचं काय चुकलं? त्या दीड महिन्यात मी घरात नुसत्या येरझाऱ्या घातल्या. फोन वाजला की दचकायचे, नाही वाजला की उचलून बघायचे.

शेवटी तेच तयार झाले. नवऱ्यानं त्यांना काय सांगितलं, मला माहीत नाही. बँकेची लेखी मंजुरी बघूनच बाईंनी तडजोडीवर सह्या घेतल्या. नंतर मी फ्लॅटचं हक्कसोडपत्र नोंदवून दिलं आणि कर्जातून मोकळं केल्याचं पत्र हातात पडलं. ते मी बँकेच्या पायरीवरच तीनदा वाचलं.

नवरा पिशवी घेऊन समोर आला. आत पातेलं होतं.

"घेऊन जा. यादीत ऱ्हायलंय."

"नको. त्यावर तुमचं नाव हाय."

"म्हणून तर देतोय." तो रस्त्याकडं बघत म्हणाला, "बँकेतनं नाव काढलंस ते बरं केलंस. ह्यावरचं तेवढं घासू नको."

इतके दिवस न आलेलं रडू मला तिथंच, भर रस्त्यात आलं. पिशवी मी घेतली.