सूनबाईच्या तोंडी दिलेलं वाक्य

नव्वदच्या दशकात मी सातारा-सांगलीच्या भिंतींवर जाहिराती रंगवायचो. वाक्य फसलं तर वरून चुना मारायचा, विषय संपला. पुढं फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅप आलं तसं मी सांगलीत विश्रामबागेत दोन खुर्च्यांचं ऑफिस थाटलं आणि स्वतःला भाषांतरकार म्हणवून घेऊ लागलो. चुना मारायची सोय मात्र गेली, हे कळायला एक शुक्रवार लागला.

साताऱ्यात एका मॅडमनी कानाच्या तपासणीचा दवाखाना नवाच काढला होता. रविवारी त्यांचं पहिलं शिबिर. ते भरलं तरच कानाच्या मशीनची कंपनी पुढची शिबिरं देणार होती. कंपनीचं घोषवाक्य इंग्रजीत होतं : ‘नाऊ यू विल नीड अ न्यू एक्स्क्यूज.’ म्हणजे ऐकू आलं नाही ही थाप आता चालणार नाही, दुसरी शोधा. पोस्टसाठी ते मराठीत हवं होतं, अर्थासकट आणि हसण्यासकट.

मी आधी लिहिलं, ‘आता तुम्हाला नवीन सबब लागेल.’ कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातल्या बाई माझं मराठी परत इंग्रजीत करून अर्थ ताडून बघायच्या. त्यांना ते बिनचूक वाटलं. मला ते कोर्टाच्या नोटिशीसारखं वाटलं. मग मी माझी प्रतिभा मोकळी सोडली. फोटोत चहा पिणारे आजोबा, मागं तोंडावर पदर धरलेली सून, आणि तिच्या तोंडी : ‘अगंबाई, आता जपून बोलावं लागणार!’ पुण्याच्या बाई फोनवर हसल्या. डिझाइन करणारा हसला. सगळ्यात जास्त मी हसलो. शुक्रवारी सकाळी पोस्ट पडली आणि दुपारपर्यंत शेकडो लोकांनी ती पुढं पाठवली. मी जेवण जरा जास्तच केलं.

तीनला मॅडमचा फोन आला. त्यांचा आवाज इतका शांत होता की मी उभा राहिलो. शिबिराची निम्मी नावं एकाच माणसानं गोळा केली होती, तोफखान्यातून निवृत्त झालेल्या एका हवालदारांनी. तोफांनी त्यांचे आणि त्यांच्या सोबत्यांचे कान गेलेले. दोन महिने घरोघर फिरून त्यांनी पंधरा जणांना तयार केलं होतं, आणि आता ती यादी ते परत मागत होते. मॅडम एवढंच म्हणाल्या, “तुम्ही या. मला त्यांना उत्तर देता येत नाहीये.”

पोस्ट लगेच काढून टाकली, पण लोकांच्या ग्रुपांवरची कोण काढणार? एसटीत बसून कराडपर्यंत मी मनात भाषण तयार केलं : विनोद आहे, मनावर घेऊ नका. दवाखान्यात हवालदारांचा चेहरा बघितला आणि ते भाषण जिथल्या तिथं गिळलं.

“घरात माझ्या म्हागं काय बोलत्यात, ही शंका मला हुतीच,” ते म्हणाले. “तुमी फोटू काढून दाखवलासा. आमच्या सुनंनंच मला तो धाडला, हसायचं चित्र लावून.”

इंग्रजी वाक्य न ऐकल्याचं सोंग करणाऱ्याची थट्टा करत होतं. माझं मराठी, ज्याला खरंच ऐकू येत नाही त्याला हसत होतं. ज्या भीतीनं ही माणसं मशीन घेत नव्हती, तीच मी रंगीत छापली होती.

मी कागद काढला, त्यावर मोठ्या अक्षरात माफी लिहिली आणि खाली विचारलं : ऐकू येत असून कधी गप्प बसलात का?

त्यांनी कागद वाचला. मॅडमकडं बघितलं.

“बायकू दळण आणाय सांगती तवा,” ते म्हणाले. “तेवढं मातर मला कवाच ऐकू येत न्हाई.”

मॅडमना हसू आवरेना. मी तेच वाक्य थोडं सरळ केलं : ‘दळण आणायला सांगितलं की मला ऐकू यायचं नाही. आता काय सांगू?’ बोलणारे आजोबा स्वतः. सून चित्रातून बाहेर. पुण्याच्या बाईंनी विचारलं, यात सबब हा शब्द कुठं आहे? मी म्हणालो, शब्द नाही, पण माणूस सबबच शोधतोय. त्यांनी वरिष्ठांना विचारून सांगते म्हणून फोन ठेवला. त्या अर्ध्या तासात मी दवाखान्यातले कानाचे तक्ते तीनदा वाचून काढले. हवालदार हाताची घडी घालून समोर बसलेले, परत घेतलेली यादी खिशात.

होकार आला. पोस्ट त्यांच्या मोबाइलवर दाखवली. ती त्यांनी आधी आपल्या सोबत्यांच्या ग्रुपवर टाकली, मग घरच्या, आणि मगच यादी टेबलावर ठेवली.

“पंधराची खात्री आता देत न्हाई,” ते म्हणाले.

रविवारी त्या पंधरांतले अकरा आले. कंपनीनं पुढचं शिबिर दिलं, मॅडमनी मला पुढचं कामही दिलं. न आलेल्या चौघांपैकी एक साताऱ्याच्या स्टँडवर मला अजून भेटतात. मी नमस्कार करतो, तेही करतात. मी काही बोललो तर हात कानाशी नेऊन मान हलवतात. खरंच ऐकू येत नाही की माझ्याशीच बोलायचं नाही, हे विचारायचं धाडस माझं झालेलं नाही.