पाटीवरची बारीक ओळ

सत्तारभाई माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. तरी आम्ही मित्र. गोंदियातल्या एका बिडी कारखान्यात तो बिड्या तपासायचा. कच्ची बांधलेली बिडी हाताला लागताच बाजूला टाकायचा. कुराण तो न अडखळता वाचत असे. जो अरबी वाचतो त्याला अरबी येते, असे मोहल्ल्यात सगळे मानत. तोही मानायचा. मी नागपूरहून साहित्य शिकून आलो होतो. मीही मानले.

१९५५ साली तो विधवा बहीण हमीदाबीला घेऊन हजला निघाला. त्याआधी हाजी मुसाभाईंनी त्याला एक फोटो दाखवला. जेद्दाच्या ज्या दवाखान्यात ते आदल्या वर्षी पडून होते, त्याच्या फाटकावरची पाटी त्यात होती. पुढच्या यात्रेकरूंसाठी त्यांना माहितीचा कागद छापायचा होता.

सत्तारभाईने वाचले, "मरिजांना भेटायची वेळ. दिवसा दोन ते चार."

शब्द बरोबर होते. झियारत म्हणजे भेट, मरीज, साअत म्हणजे वेळ. उर्दूत रोजचे. खाली आणखी एक ओळ होती, बारीक. तिच्यातला 'गुरूब' म्हणजे सूर्यास्त, एवढेच त्याला लागले. "सूर्यास्तानंतर बंद, असं असंन," म्हणून त्याने ती सोडली. मुसाभाईंनी 'दोन ते चार' लिहून घेतले.

हज झाला. परतताना जेद्दात हमीदाबी तापाने फणफणली. तिला त्याच दवाखान्यात ठेवले. दोन दिवसांत ताप उतरला. नातेवाइकाने भेटीच्या वेळी येऊन सही केली की तिला सोडणार होते. मुंबईचे जहाज दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुटायचे होते.

सत्तारभाई दोनला गेला. फाटक बंद. पहारेकऱ्याने हात हलवला. आज सुट्टी असेल, असे समजून तो परतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोनला गेला. पुन्हा बंद. तेव्हा त्याने फाटक ठोकायला घेतले. आवाजाने आतला कंपाउंडर बाहेर आला. तो हैदराबादचा, पण जेद्दात वीस वर्षे राहिलेला.

"कायको ठोकते मियाँ?"

"पाटीवर दोन लिहिलं आहे. दोन वाजले."

कंपाउंडरने स्वतःचे घड्याळ पुढे केले. त्यात सात वाजले होते.

तिथे दिवस सूर्यास्ताला सुरू होई. सूर्य बुडाला की घड्याळ बारावर लावायचे. त्या दिवसांत सूर्य आपल्या सातच्या सुमारास बुडत होता. बारा तासांनी, आपल्या सकाळी सातला, त्यात पुन्हा बारा वाजत. म्हणून पाटीवरचे दिवसाचे दोन म्हणजे आपले सकाळचे नऊ, आणि चार म्हणजे अकरा. बारीक ओळीत तेवढेच लिहिले होते: वेळ सूर्यास्ताच्या हिशेबाने.

भेटीची वेळ संपून तीन तास झाले होते. गटाचा पुढारी म्हणाला, "बहिणीला राहू दे, मागून येईल. तू जहाजात बैस."

"जहाज जाऊ द्या," सत्तारभाई म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नवाच्या आधी तो फाटकावर उभा होता. सही करून त्याने हमीदाबीला बाहेर आणले.

पुढचे जहाज पंधरा दिवसांनी. तेवढे दिवस तो कंपाउंडरजवळ शिकायला बसला. पाटी पूर्ण उतरवून घ्यायची, एकही ओळ गाळायची नाही. ओळखीचा एक शब्द धरून उरलेली ओळ अंदाजाने भरायची नाही. जिथे अडेल तिथे खूण करायची. मग आपला अर्थ तिथल्या कारकुनाला परत सांगायचा. त्याने मान हलवली, तरच खरा. हे सगळे त्याने मला परत आल्यावर सांगितले. मी चार वर्षे भाषा शिकलो होतो. मला यातले काही कुणी सांगितले नव्हते.

तोवर मुसाभाईंचा कागद गुलाबचंदच्या छापखान्यात छापून झाला होता. तीनशे प्रती. दोन ते चार.

"चुप राह," मुसाभाई म्हणाले. "लोक काय म्हणतीन? तुह्या वाचनावर भरोसा आहे त्यायचा."

"भरोसा होता म्हणूनच हमीदा तिथं एकटी पडून होती."

शुक्रवारी नमाजनंतर तो मशिदीच्या अंगणात उभा राहिला. मी फाटकाबाहेर त्याची वाट पाहत होतो. मला ऐकू आले.

"मी अरबी वाचतो. मले अरबी येत नाही. तो कागद चुकीचा आहे, आन चूक माही आहे."

कुणीतरी हसले. "मंग एवढे वर्ष काय करून राहिला होता?"

"वाचून राहिलो होतो."

तिथून तो सरळ छापखान्यात गेला. दौत-टाक मागितला. एकेका प्रतीवर जुनी वेळ खोडून वर लिहू लागला: 'सूर्यास्ताला बारा धरून दोन ते चार. आपले सकाळचे साधारण नऊ ते अकरा. तिथे पोचल्यावर पुन्हा विचारावे.'

"पुन्हा विचारावे, हे कायले?" गुलाबचंद म्हणाला. "तुलेच खात्री नाही का?"

"सूर्य रोज एकाच वेळी बुडत नाही, शेटजी. आन हजचे दिवस दर सालाले सरकतात."

"एका ओळीसाठी तीनशे कागद घाण करून राहिला तू."

सत्तारभाईने टाक पुन्हा दौतीत बुडवला.

पन्नासेक प्रती उरल्या असताना मुसाभाई आले. नागपूरच्या गाडीने कागद पाठवायचे होते. उरलेल्या तशाच घेऊन जातो म्हणाले. त्यांनी गठ्ठ्याला हात घातला. सत्तारभाईने त्यावर आपला तळवा ठेवला.

"गाडी जाऊ द्या, हाजीसाहेब."

त्याने तळवा उचलला नाही. दुसऱ्या हाताने पुढची प्रत ओढली आणि खोडायला घेतली.