नावाचा रकाना

अख्तरी आपाबद्दल मले कोणी विचारलं का आधी राग येते, मग माझीच लाज वाटते. राग आमच्या संस्थेच्या साहेबावर, लाज माझी.

शेलूबाजारले तिच्या नवऱ्याचं, रज्जाकभाईचं, टेलरिंगचं दुकान. आपा बारावी पास. बाया ब्लाऊजचं माप द्यायले येत अन् तासभर बसून जात. माप घेता घेता बाईचं घर कसं चालू हाय, हे तिले कळून जाये, अन् एका बाईची गोष्ट दुसरीच्या कानावर कधी गेली नाई. म्हणूनच आमच्या संस्थेनं तिले उचललं. उदास होऊन अंथरूण धरलेल्या माणसांशी घरी जाऊन बोलायचं, आठवड्यातून एकदा, आठ बैठका. डॉक्टर नाई, गोळी नाई, नुसतं शिकवलेलं बोलणं. कोणाची तब्येत जास्त बिघडलेली दिसली तर जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवायचं.

मी पौर्णिमा. वाशीमच्या ऑफिसात बसून फोनवर नऊ प्रश्न विचारायचे, झोप, भूक, मन लागते का, असे, अन् मार्क लिहायचे, हे माझं काम. सत्तावीसपैकी जितके जास्त, तितका माणूस खचलेला.

वह्या दोन होत्या. एक कामाची: आज काय कराल ते ठरवा, मन नसलं तरी करा, मग मन कसं झालं ते लिहा. दुसरी विचारांची: डोक्यात आलेला विचार लिहा, तो खरा हाय का ते तपासा. बोलायले जाणाऱ्या कोणाले कोणती मिळणार ते चिठ्ठी टाकून ठरे, अन् मले ते सांगत नसत, म्हणजे माझ्या मार्कांत लबाडी नको. आपाकडे कामाची वही. मालेगावच्या नानाजीकडे, रिटायर मास्तर, विचारांची. आठ बैठकांत दोघांची माणसं सारखीच सुधरत. साहेब चकरावला. बैठकांची रेकॉर्डिंग ऐकली, माणसांच्या परवानगीनं. नानाजी वहीचा क्रम अक्षरशः पाळे. आपा अर्ध्या वेळा वही उघडेच ना. वही पाळण्यात नानाजीले पैकीच्या पैकी, आपाले जेमतेम पास. अन् माणसांले गुण दोघांचाबी सारखाच!

मी आपाले विचारलं, "असं कसं वं?"

"अवं, वही कोनतीबी घे," ती म्हणे. "पह्यले त्या बाईले वाटलं पायजे का हिले माझं ऐकू येते. मंग तिले काहून असं होऊन राह्यलं, हे तिच्या डोक्यात बसंल असं सांगाव. करायले एक काम द्याव. अन् इचाराव, पटलं का? नाई पटलं तर आपन बदलाव, तिले बदलू नोको. नानाजी मास्तरबी हेच करते. त्यायच्या तोंडी विचार, माह्या तोंडी काम."

शिकवायले येणारे डॉक्टरबी जवळपास तेच सांगत. वेगवेगळ्या उपचारांत जे सारखं असते, विश्वास, आशा, पटेल असं कारण, दोघांनी मिळून ठरवलेलं काम, त्याच्यानंच बराचसा गुण येत असावा. सगळ्या आजारांत नाई, म्हणत. भीतीच्या काई आजारांत नेमकी पद्धतच लागते. अन् वादबी अजून मिटला नाई, म्हणत.

आता माझी चूक ऐका. सगळे मार्क लिहून झाल्यावर चिठ्ठ्या उघडल्या, अन् एकशे साठ माणसांचा तक्ता मी जुळवला. वहीवार बेरीज केली. खाली लिहिलं, "फरक नाही." खरंच होतं ते. पण त्याच तक्त्यात आणखी एक रकाना होता, बैठक कोणी घेतली त्याच्या नावाचा. भाऊसिंग म्हणून आणखी एक बोलायले जाणारा, त्याच्याकडेबी आपासारखी कामाचीच वही. त्याची अर्धी माणसं तिसऱ्या बैठकीपर्यंत बैठका सोडून गेलती. आपाची एखादीच. वहीपेक्षा माणसामाणसांतला फरक मोठा, हे मले डोळ्यांनी दिसत होतं. थोड्या माणसांवर ठाम बोलता येत नाई, हे खरं. पण बोट तरी ठेवता आलं असतं. साहेबानं विचारलं नोतं, म्हणून मी तो रकाना लपवला. दिसलं अन् गप बसली. मूर्ख बाई मी.

साहेबानं त्याचा अर्थ काय काढावा? "पद्धत कोणतीही चालते, म्हणजे माणूसही कोणताही चालेल. दर पंधरा दिवसांनी बैठका घेणाऱ्यांची गावं फिरवा. कोणाची कोणावर भिस्त नको." अन् वरून नियम, जुन्या घरी फोन करायचा नाई, जायचं नाई. हुकूम मोबाईलवर आला, दुसऱ्या दिवसापासून लागू.

त्या वेळी आपा शेलूबाजारजवळच्या एका घरी जात होती. विजयमालाबाई, शेतीवाडीचं बरं घर. एकुलता पोरगा बादल, हायवेवर मोटरसायकलच्या अपघातात गेला. आठ महिने बाई खाटेवरून उठली नाई. तिचा नवरा ग्यानबा म्हणे, नाटकं हायेत. माझ्याकडे मार्क वीस. पहिल्या दोन बैठकांत आपा नुसती जवळ बसली. तिसरीत दोघींनी मिळून ठरवलं, सकाळी स्वतःचा चहा स्वतः करायचा. चौथीत विजयमालाबाईनं पोराचं नाव घेतलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा. मार्क तेरावर आले. पाचव्या बैठकीत बादलचं कपाट उघडायचं ठरलं होतं, दोघींनी मिळून.

पाचव्या बैठकीले भाऊसिंग गेला. फॉर्म काढला अन् विचारलं, "मुलं किती?"

बाई उठून आत गेली.

त्याच्यानंतर एक नवी मुलगी गेली. तिनंबी फॉर्म काढला. बाईनं तिले दारातूनच सांगतलं, बरी हाय मी. आपा रिठद गावाले पाठवली होती. तिनं साहेबाले दोनदा विचारलं, निदान निरोप तर घेऊन येऊ द्या. साहेब म्हणे, भावनिक होऊ नका. आपानं नियम पाळला, कारण पहिल्या प्रशिक्षणात, काम सोडल्यावरबी संस्थेचे नियम पाळीन, अशी तिनं सही केली होती अन् सहीले ती मानते. मग एक दिवस राजीनामा दिला अन् परत शिलाईले बसली.

तेव्हा कुठं मी नावाचा रकाना जोडून तक्ता पुन्हा नेला. साहेबानं पाहिला. "हे आधी का नाही दाखवलं?" म्हणे. मग म्हणे, "आता वर अहवाल गेला."

मार्कांचा शेवटचा फोन विजयमालाबाईले मीच केला. आठ प्रश्नांवर ती मोजून उत्तरं देत गेली. नववा, मरून गेलेलं बरं असं वाटते का. ती म्हणे, "हो. रोज."

असं उत्तर आलं का फोन ठेवायचा नसते. दवाखान्याले त्याच घटकेले कळवायचं, अन् ज्याच्या बैठका चालू हायेत ते माणूस घरी पाठवायचं. मी दुसऱ्या फोनवरून ग्यानबाभाऊले वावरातून घरी बोलावलं, डॉक्टरले सांगतलं. मग तिले विचारलं, "तुमच्याकडे कोणाले पाठवू?"

"कोनाले? तिघं येऊन गेले. तुमीच सांगा, माह्यं कोन?"

मी नियम मोडला. आपाले फोन लावला. ती शिवणाऱ्या मशीनवरून उठली अन् मिळेल त्या जीपनं पोचली. तोवर ग्यानबाभाऊ खाटेपाशी बसले होते, पहिल्यांदा "नाटकं" न म्हणता. त्या दिवशी तिले दवाखान्यात नेलं, गोळ्या सुरू झाल्या. बाई जगली, हे पहिले सांगते.

पण वाटेत ती आपाशी बोलली नाई. आपा जीपमधी बाजूले बसली, हात धरायले गेली, तर तिनं हात काढून घेतला. आपानं मले हे सांगतलं तेव्हा तिले रडू आवरत नोतं. दवाखान्याच्या पायरीवर विजयमालाबाई तिले एवढंच बोलली होती.

"बादलबी असाच गेला, न सांगता. तुह्याजवळ त्याचं नाव घेतलं, अन् तूबी तशीच गेली."