थांबाबाईंचे हात

आमच्या मजल्यावर त्यांना सगळे थांबाबाई म्हणतात. तोंडावर नाही; तेवढी छाती कोणाची आहे? हे नाव पडलं दूधवाल्यामुळे. पिशवी हातात दिली की तो निघायला बघतो आणि बाई म्हणतात, "थांबा." मग पिशवी उलटी करून तारीख बघणार, कोपरा दाबून गळते का बघणार, मगच त्याची सुटका. त्यांचे यजमान तर म्हणतात, "लग्नात हार घालायच्या आधीसुद्धा हिने मला असंच उलटंपालटं करून पाहिलं होतं. परत पाठवायची मुदत टळली म्हणून मी राहिलो."

बाई एका रुग्णालयाच्या औषध भांडारात प्रमुख फार्मासिस्ट. पुरवठादाराचा टेम्पो मागच्या दाराला लागला की माल उतरवून घ्यायच्या त्याच. रजेवर असल्या तरी फोन यायचा आणि बाई पदर खोचून निघायच्या. वरून कुरकुर, "माझ्यावाचून पान हलत नाही," आणि आतून ते बरंही वाटायचं. खोटं कशाला बोला.

पण आता लेकीचे दिवस भरत आले होते. पहिलंच बाळंतपण, गाव लांबचं, तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. लेक फोनवर एवढंच म्हणाली, "आई, तू नेहमीसारखं करू नकोस हं. ये म्हणजे खरंच ये."

बाईंनी महिन्याभराची रजा मागितली. रुग्णालयाच्या मुख्य डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खुशाल जा. पण आधी एसओपी लिहा. माल आला की कोणी काय, कुठल्या क्रमाने करायचं, सगळं. मग एका खऱ्या मालावर ते करून बघू. तुम्ही बाजूला खुर्चीत बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. तुमच्याशिवाय जमलं तर रजा मंजूर."

"तोंड उघडायचं नाही?" हा प्रश्न त्यांच्या हाताखालच्या फार्मासिस्टने विचारला. हा तिशीतला गडी, कामात चोख, पण पायाला चाकं. म्हणून भांडारात त्याला घाईसाहेब म्हणत. "मॅडम, यापेक्षा बाळंतपण सोपं."

"तू आधी बिल नीट वाचायला शीक," बाई म्हणाल्या.

एसओपी लिहायला बाई घरी जेवणाच्या टेबलावर बसल्या. समोर जुनं बिल ठेवलं आणि वरून खाली एकेक गोष्ट उतरवली. खोकी मोजा, फाटलेलं, भिजलेलं, सील तुटलेलं वेगळं काढा. टेम्पोवाल्याच्या पावतीवर फक्त खोक्यांची संख्या लिहून सही करा. आतला माल तपासायचा आहे असं नमूद करा. आपण काय मागवलं, बिलात काय लिहिलंय आणि हातात काय आलंय, तिन्ही जुळवा: नाव, ताकद, गोळी की इंजेक्शन, बॅच क्रमांक, मुदतीची तारीख, नग. नशेची औषधं दोघांनी मिळून मोजा आणि लगेच कुलपात. तपासणी पुरी होईपर्यंत काहीही कपाटात लावू नका. आणि शेवटी, बिलाच्याही शेवटी असतात म्हणून, फ्रिजमध्ये थंड ठेवायची औषधं.

यजमान डोकावून म्हणाले, "मलाही एक लिहून दे. साखरेचा डबा कुठे असतो तिथपासून."

"तुम्हाला चित्रं काढून द्यावी लागतील."

चाचणीच्या दिवशी टेम्पो भर दुपारी आला. माल घ्यायच्या खोलीवर पत्रा, पंखा नुसता फिरतो, वारा देत नाही. डॉक्टरीणबाई दारात उभ्या. थांबाबाई खुर्चीत, हाताची घडी घालून. घाईसाहेब कागद हातात घेऊन एकदम शहाण्या मुलासारखा. खोकी मोजली. एक चेपलेलं होतं, ते बाजूला काढून पावतीवर लिहिलं. टेम्पोवाला म्हणाला, "काय साहेब, आज गाडी पंक्चर झाल्यासारखे चाललाय?" घाईसाहेबाने मान वर केली नाही. गोळ्या जुळवल्या, एका सिरपची ताकद चुकीची आली होती, तीही पकडली. बाईंना अभिमान वाटायला हवा होता. पण त्यांची नजर दाराशी होती.

दाराशी पांढरा थर्मोकोलचा डबा. आत इन्सुलिन. त्यावर तिरपं ऊन येऊ लागलेलं आणि घाईसाहेब अजून सलाइनच्या बाटल्यांवर.

'अरे, तो डबा,' बाई मनात ओरडल्या. 'तो आधी घ्यायचा असतो एवढं कळत नाही?' पण त्याला कसं कळणार? त्याच्या हातात त्यांनीच लिहिलेला कागद होता आणि तो त्या कागदाबाहेर पाऊल टाकत नव्हता. इतकी वर्षं टेम्पोचं दार उघडलं की त्यांचा हात आपोआप त्या डब्याकडे जायचा. लिहिताना मात्र हाताला कोणी विचारलंच नाही, बिलाला विचारलं.

गप्प बसलं तर रजा. फार तर इन्सुलिन खराब होईल, नाहीतर होणारही नाही. पण कोणाच्या तरी दंडात जाणारं औषध होतं ते. लेकीचा आवाज कानात होता, तरी बाई उठल्या.

"थांबा!"

त्यांनी डबा उघडून आतला तापमापक वाचला. तापमान अजून मर्यादेत होतं, जेमतेम. खोकी फ्रिजमध्ये गेली.

"नापास," बाईच म्हणाल्या. "हा नाही. मी."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "पुढचा माल परवा येतोय. तोवर कागद बदला."

"कागद मी नाही लिहिणार," बाई म्हणाल्या. "मी काम करीन आणि हा लिहील. मी काय सांगते ते नाही. माझे हात काय करतात ते."

दुसऱ्या दिवशी रिकाम्या खोक्यांवर तालीम झाली. घाईसाहेब वही घेऊन मागे. "मॅडम, आत्ता बर्फाच्या पिशवीखाली बोट का घातलंत?"

"घातलं का?" बाई थबकल्या. "हां. पिशवी थेट इन्सुलिनला टेकली की ते गोठतं. गोठलं की फेकायचंच. लिही."

"आणि तापमान चुकलं असेल तर?"

"फ्रिजमध्येच, पण वेगळ्या ट्रेमध्ये. वर मोठं 'वापरू नका'. पुरवठादाराला फोन, कंपनीला विचारणा. मनाने ठरवायचं नाही, मीसुद्धा नाही."

"आणि माल घेताना खोलीत कोण?"

"ड्यूटीवरचेच. दुसऱ्या कोणी मालाला हात लावायचा नाही. ठळक लिही."

दुसऱ्या चाचणीत थंड डबा सगळ्यांत आधी उघडला. बाईंनी पदराचं टोक चुरगळून चुरगळून दोरी केली, पण तोंड उघडलं नाही.

निघायच्या दिवशी रिक्षा त्यांनी रुग्णालयाकडे वळवायला लावली. यजमान म्हणाले, "आता कशाला?" "किल्ल्या द्यायच्या राहिल्यात." किल्ल्या आदल्या दिवशीच दिल्या होत्या, हे यजमानांना ठाऊक होतं, पण संसार असाच टिकतो.

मागच्या दाराला टेम्पो लागलेलाच होता. पांढरा डबा खाली आला आणि बाईंचा हात पुढे गेला.

"थांबा!" घाईसाहेब ओरडला.

टेम्पोवाला खो खो हसला. "बाई, आज तुम्हालापण?"

"मॅडम, तुम्ही रजेवर आहात. हात लावायचा नाही. ठळक लिहिलंय."

"कोणी लिहिलं असलं?"

"तुमच्या हातांनी सांगितलं, मी लिहिलं."

बाईंनी हात मागे घेतला. घाईसाहेबाने झाकण काढलं, तापमान वाचलं, वेळ टिपली आणि बर्फाच्या पिशवीखाली बोट घातलं. पुढची मोजणी बघायला बाई थांबल्या नाहीत.

स्टँडवर यजमानांनी पाण्याची बाटली आणून दिली. सवयीने बाईंनी ती उलटी केली, मग पुन्हा त्यांच्या हातात दिली. "तुम्हीच बघा तारीख."

यजमानांनी चष्मा शोधला, काचा पुसल्या, बाटली उजेडात धरून गोल गोल फिरवली. गाडी लागली तरी त्यांना तारीख सापडेना. ती झाकणाखाली आहे, हे बाईंना केव्हाच दिसलं होतं. पण त्या थांबल्या.