दाजींच्या ओठाचा उजवा कोपरा

वीस वर्षं वार्ताहर म्हणून पत्रकार परिषदांत बसलो. तिथं एक सवय जडली. नेत्याला टोचणारा प्रश्न विचारायचा आणि उत्तर ऐकता ऐकता तो हसतो कसा ते बघायचं. खरं हसू ओठांवर थांबत नाही. गाल वर चढतात, डोळ्यांखालची कातडी फुगते, डोळ्यांच्या बाहेरच्या कडांना सुरकुत्या पडतात. ते हळूहळू ओसरतं. ओढून आणलेलं हसू बटण दाबल्यासारखं येतं आणि तसंच जातं. एकच कोपरा वर गेला, तर ती तुच्छता. या ठोकताळ्यांवर माझा भरवसा होता.

त्या सकाळी आम्ही मंगळवेढ्याजवळ अक्काच्या शेतात हुरडा खायला गेलो होतो. सोबत आमच्या दैनिकाचा फोटोग्राफर होता, गाडी त्याचीच. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. दाजी, तिचे यजमान, चिंचोळी एमआयडीसीतली नोकरी संपवून गावी आले होते आणि महिन्यापूर्वी ग्रामपंचायतीला उभे राहून पडले होते. थोडक्या मतांनी. त्यावर गावात कुणी त्यांच्यासमोर बोलत नसे. मी मेहुणा. मेहुण्यानं दाजींची चेष्टा करायची नाही तर कुणी करायची?

दाजी आगटीजवळ उकिडवे बसून कणसं भाजत होते. मी म्हणालो, "दाजी, घरातली मतं तरी पडली का? का अक्कानं तितंबी दगा दिला?"

फोटोग्राफर मोठ्यानं हसला. अक्का म्हणाली, "गप की रं." दाजींनी मान वर केली आणि हसले. किंचित उशिरा. डावा कोपरा वर गेला, उजवा गेला नाही. डोळ्यांच्या कडा कोऱ्या राहिल्या.

मी घाबरलो. या माणसानं एका शब्दावरून सख्ख्या भावाशी तीन वर्षं बोलणं टाकलं होतं. दाजींनी अबोला धरला की अक्काचं माहेरपण बंद, हे मला लगेच दिसलं. सावरायला म्हणून मी आणखी काहीतरी बोललो. ते काय होतं, आता आठवत नाही. दाजींनी एक भाजलेलं कणीस माझ्याकडे धरलं आणि ते मध्येच राखेत पडलं. त्यांनी ते उचलायचा प्रयत्नही केला नाही. माझ्या लेखी त्यांनी ते टाकलं होतं. देता देता टाकलं, म्हणजे राग साधा नव्हता. अक्का शेंगाची चटणी आणायला उठली, तसा मीही उठून बांधापर्यंत गेलो. माफी कशी मागायची याची वाक्यं जुळवत उभा राहिलो. यात सात-आठ मिनिटं गेली. त्या मिनिटांचा हिशोब मी अजून करतो.

फोटोग्राफर कॅमेरा घेऊन आला. "सर, दाजींचा फोटो वाकडा आलाय. एकाच बाजूनं हसलेत."

मी पडद्यावर चेहरा मोठा केला. तुच्छतेत एक कोपरा चढतो, दुसरा आपल्या जागी राहतो. इथं दुसरा जागेवर नव्हता. तो खाली लोंबत होता. नाकापासून ओठापर्यंतची उजवी घडी पुसल्यासारखी सपाट झाली होती. कपाळाच्या आठ्या मात्र दोन्हीकडे सारख्या. मी आधीचा एक फोटो उघडला. अर्ध्या तासापूर्वी शेळीनं फोटोग्राफरची टोपी पळवली, तेव्हाचा. त्यात दाजींचे दोन्ही गाल वर होते, दोन्ही डोळे बारीक झाले होते आणि उजव्या हातानं त्यांनी शेळीवर काठी उगारली होती.

आरोग्य पुरवणीत पक्षाघातावरचा मजकूर मी स्वतः तपासून छापायला सोडला होता. ओठ उतरला पण कपाळ शाबूत, तर दोष मेंदूत. हसायला सांगा, हात वर करायला सांगा, बोलायला लावा. मी धावत गेलो. "दाजी, दात दाखवा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग होता, त्याविषयी शंका नाही. "पाव्हणं, आजून किती चेष्टा," असं ते म्हणाले, पण शब्द तोंडात भिजलेल्या कापडासारखे अडकले. मी दोन्ही हात समोर धरायला सांगितले. डावा तसाच राहिला. उजवा सावकाश खाली आला.

अक्का परतली होती. "आता कवायत घेतोस व्हय?" म्हणून ती हसली. तिचं हसू खरं होतं. मग तिनं माझा चेहरा बघितला आणि ते ओसरलंही नाही, थेट थांबलं.

सोलापूरपर्यंतचा तासभराचा रस्ता मला सलग आठवत नाही. मागच्या सीटवर दाजींचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि मी त्यांच्या ओठाचा उजवा कोपरा बघत होतो. तो आणखी उतरतोय का, एवढंच. अक्का पुढं बसून मागं वळून बघायची आणि पुन्हा पुढं बघायची.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, शेवटचे ठणठणीत कधी दिसले? गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच देता येतं आणि ते तास तिथून मोजतात. अंदाज चालत नाही. फोटोग्राफरनं कॅमेरा पुढं केला. शेळीच्या फोटोवर वेळ होती. डोक्याचा स्कॅन झाला, रक्तस्राव नव्हता, इंजेक्शन दिलं. त्या इंजेक्शननं रक्तस्राव होऊही शकतो, हे आधीच सांगितलं होतं. सही अक्कानं केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरबाई आल्या. "आजोबा, हसून दाखवा." दाजींनी हसून दाखवलं. उजवा कोपरा अजून खालीच. अक्का पलंगाच्या कडेला होती. ती हळूच म्हणाली, "मत मी तुमालाच दिलं हुतं की."

दाजी हसले. दोन्ही कोपरे वर गेले, जवळजवळ सारखे. दोन्ही डोळे बारीक झाले.

मी डॉक्टरबाईंना विचारलं, आता हे कसं जमलं? त्यांनी सहज सांगितलं. ठरवून केलेल्या हसण्याला मेंदूतून एक वाट असते, आपसूक येणाऱ्या हसण्याला दुसरी. पहिली अडली तरी दुसरी बऱ्याचदा शाबूत राहते. म्हणून वाकडेपणा सांगितलेल्या हसण्यात दिसतो. मनापासून हसला तर पुष्कळदा दिसतच नाही.

त्या पुढच्या पलंगाकडे गेल्या. मी तिथंच उभा होतो. म्हणजे आगटीपाशी दाजी हसलेच नव्हते. माझा शब्द लागला होता आणि पाहुण्याचा मान राखायला त्यांनी हसू ओढून आणलं होतं. ते ओढून आणलेलं होतं म्हणूनच वाकडं दिसलं. विनोद खरोखर आवडला असता, तर कदाचित दोन्ही गाल वर गेले असते, आम्ही कणसं चोळत बसलो असतो आणि वेळ निघून गेली असती.

दाजी आता बरे आहेत. उजव्या हातानं घास घेताना थोडा वेळ लागतो. या हंगामात पुन्हा हुरड्याला बोलावलं. मी दिवसभर जपून बोललो. निघताना त्यांनीच विषय काढला. "पाव्हणं, औंदा चेष्टा न्हाय केली. घाबरलात व्हय?"

मी म्हणालो, व्हय. मग राहवलं नाही. "दाजी, पुन्हा उभं ऱ्हायलात तर माझं मत हितं आणू का?"

ते हसले. दोन्ही कोपरे वर गेले. पण आता त्यांचं ठरवून हसणंही सरळ येतं. डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय. मी त्यांच्या डोळ्यांच्या कडांकडे बघितलं, पण ऊन समोरून होतं आणि उन्हानं प्रत्येकाच्याच डोळ्यांना सुरकुत्या पडतात. गाडीत बसेपर्यंत मी तीनदा मागं वळून बघितलं.